पाच जणांत कुणाला कुणाकडून काय हवंय?

प्रिय मित्रा,

तुझ्या एकांकिकेचा खर्डा दोनदा वाचला. चित्ररथ मिरवणुकीची संध्याकाळ, गल्लीच्या तोंडाशी उभा ट्रॅक्टर, ट्रॉलीवर अर्धवट किल्ला आणि पाच मित्र. जागा पक्की आहे, बेळगावातल्या माणसाला ती डोळे मिटूनही दिसेल. पण तू चिठ्ठीत विचारतोस की पाचही जण सारखेच का बोलतात, आणि त्यावर उपाय म्हणून विनायक रागीट, अल्ताफ विनोदी, शिल्पा हुशार, सागर अबोल, बसू भोळा अशी यादी जोडतोस. ही यादी फाडून टाक. हे स्वभाव आहेत आणि स्वभावाला दुसऱ्या माणसाची गरज लागत नाही. रागीट माणूस एकटा खोलीत बसूनही रागीटच असतो.

तुझ्या खर्ड्यात पाचही जणांना एकच गोष्ट हवी आहे, ती म्हणजे चित्ररथ वेळेत निघावा. म्हणून ते सारखे बोलतात. प्रत्येकाला वेगळं काहीतरी हवं असलं पाहिजे, आणि ते या पाचांपैकीच दुसऱ्या कुणाच्या तरी हातात असलं पाहिजे. नशिबाच्या, सरकारच्या किंवा वडिलांच्या हातात नको, या पाचांतच हवं. ‘शिल्पाला नाव कमवायचंय’ हे चालणार नाही, कारण नाव तिला कुणीच उचलून देऊ शकत नाही. ‘शिल्पाला अल्ताफकडून चार फुटांचा कट्टा वेल्डिंग करून हवाय, म्हणजे तिला वर उभं राहून निवेदन करता येईल’ हे चालेल. अल्ताफ हो म्हणू शकतो, नाही म्हणू शकतो, टाळू शकतो. त्या तिन्हींत नाटक आहे.

एका कागदावर पाच ठिपके काढ आणि ज्याला हवंय त्याच्याकडून ज्याच्या हातात आहे त्याच्याकडे बाण ने. तुझ्याच मजकुरातून मी हे काढून पाहिलं. विनायकला सागरकडून रात्री 9 ला ट्रॅक्टर हवाय. सागरला विनायककडून गेल्या वर्षीच्या डिझेलचे 4,200 रुपये हवेत. शिल्पाला अल्ताफकडून कट्टा हवाय. अल्ताफ आणि बसू उद्यमबागेत एकाच फाउंड्रीत आहेत, आणि अल्ताफला बसूने आज आपली रात्रपाळी करायला हवी आहे, कारण अल्ताफ आजवर कधी चित्ररथावर चढलेला नाही. बसूला शिल्पाकडून निवेदनात एक वाक्य कन्नडमध्ये हवंय, कारण चौकात त्याची आज्जी बसणार आहे आणि तिला मराठी नीट कळत नाही. ही शेवटची गोष्ट तू दोन ओळींत उरकली होतीस. तुझ्या सगळ्या खर्ड्यात तीच सगळ्यात जिवंत आहे!

आता कागद जरा लांब धर. विनायक आणि सागर एकमेकांत अडकलेत. शिल्पा, अल्ताफ, बसू यांचा वेगळा त्रिकोण झालाय. मध्ये एकही रेघ नाही, म्हणजे ट्रॉली एक आणि नाटकं दोन. हे अपघाताने झालेलं नाही. पाच जणांत प्रत्येकाचा एकच बाण बाहेर आणि एकच बाण आत ठेवला, तर दोनच आकार निघतात: एक तर पाचांची गोल साखळी, नाहीतर असे दोन आणि तीनचे तुकडे. साखळी घेतलीस तर शेवट आधीच कळतो. एक जण हो म्हणाला की बाकीच्या गाठी सुटत जातात.

म्हणून पाचांपैकी एकालाच, फक्त एकालाच, दुसरी इच्छा द्यायची, आणि ती अर्ध्या नाटकानंतर उघड करायची. मी ती विनायकला देईन. मंडळाने मंजूर केलेलं निवेदन शिल्पाने शब्दाला शब्द वाचावं, एवढं त्याला तिच्याकडून हवंय. आता शिल्पाच्या हातातल्या एकाच गोष्टीवर दोघांचा डोळा आहे, बसूचा आणि विनायकचा. दोन्ही तुकडे तिच्यापाशी येऊन जोडले गेले. शिवाय बसूने अल्ताफची पाळी घेतली, तर ते वाक्य उच्चारलं जाईल तेव्हा तो भट्टीसमोर असेल. हे मी वरून आणलेलं नाही, बाणांतून आपोआप आलं. लोक याला गणित म्हणतात आणि नाक मुरडतात. खुशाल मुरडोत. मी फार वर्षं ‘पात्रं आपोआप बोलतील’ म्हणत स्वभाव लिहीत बसलो, त्या वर्षांचं मला वाईट वाटतं. पात्राला कुणाकडून काही हवं नसेल तर ते आपोआप काहीच बोलत नाही, फक्त विनोद करतं. तुझा अल्ताफ तेच करत होता.

आता आवाजाविषयी. बसूच्या तोंडी कन्नड शब्द, अल्ताफच्या तोंडी दखनी, शिल्पाच्या तोंडी इंग्रजी आणि सागरच्या तोंडी गावरान अशी वाटणी तू केली आहेस. हे सीमाभागात तरी करू नकोस. आपल्याकडे एकच माणूस खडेबाजारात चार दुकानं फिरेपर्यंत चार तऱ्हेने बोलतो. पाचही जण ‘पण’च्या जागी ‘खरं’ म्हणणारच. बसूचं मराठी मोडकं करून हशा मिळवलास तर प्रेक्षक त्याच्या आज्जीपर्यंत कधी पोचणारच नाही. आवाज बोलीवरून ओळखू येत नाही, हवी असलेली गोष्ट माणूस कशी मागतो त्यावरून येतो. म्हणजे पुन्हा तेच: कुणाकडून काय हवंय?

सात वाजलेत आणि कट्ट्याचं वेल्डिंग झालेलं नाही, एवढाच प्रसंग घे.

विनायक: “नवाला निघायचं ठरलंय. सगळ्यांच्या समोर ठरलंय.”

सागर: “मागच्या डाव्या टायरात हवा कमी हाय.”

शिल्पा: “माझं वजन किती? पंचेचाळीस. मग अँगल का वाकंल?”

अल्ताफ: “बसू, दिवाळीत तुझी पाळी कोण मारलं?”

बसू: “तूच की. खरं आज्जी दुपारीच येऊन बसलीय.”

विनायक मागत नाही, ठरावामागे लपतो. सागर पैशाचं नाव काढत नाही, ट्रॅक्टरचं दुखणं सांगतो. शिल्पा प्रश्न विचारून स्वतःच उत्तर देते, म्हणजे समोरच्याला नाही म्हणायला जागा उरत नाही. अल्ताफ जुना उपकार काढतो. बसू आधी कबूल करतो आणि मग अडतो. बोली पाचांची एकच आहे, तरी नावं झाकून बघ, कोण बोललं ते कळतं. तुझ्या कुठल्याही पानावरची 20 वाक्यं घे, नावं झाकून नाटकाशी संबंध नसलेल्या माणसाला वाच. चुकलेल्या प्रत्येक वाक्यापाशी थांब. तिथे शब्द बदलायला धावू नकोस, त्या क्षणी त्या पात्राला काय हवं होतं ते बघ. बहुतेक वेळा काहीच नव्हतं असं आढळेल.

एक शेवटचं. पाचांना सतत रंगमंचावर बोलतं ठेवू नकोस, हजेरी घेतल्यासारखं होतं. दोघांत जुंपू दे, तिसऱ्याला त्यातलं काहीतरी ऐकू जाऊ दे, बाकीचे दोघे दोऱ्या बांधू देत. पाच जणांत 10 जोड्या होतात, त्यातल्या चारच नीट लिही. सागर आणि बसू एकमेकांशी एक वाक्यही बोलले नाहीत तरी चालेल.

नवा खर्डा इतक्यात पाठवू नकोस. आधी बाणांचा कागद पाठव, आणि शिल्पाने माईक हातात घेतल्यावरचं एक पान. बसूच्या आज्जीसाठीचं ते वाक्य त्यात कन्नडमध्येच लिही. खाली मराठी अर्थ देऊ नकोस.

तुझा,
सर