फसवून घेतलेला चेक पुढे दिला, तो वटला नाही: होल्डर इन ड्यू कोर्सचा हक्क

प्रश्न: 'अ'ची फसवणूक करून 'ब'ने चेक घेतला आणि 'क'ला एंडॉर्स केला. चेक परत आला तर 'क' निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम १३८ खाली तक्रार करू शकतो का?

उत्तर:

हो, पण 'क' होल्डर इन ड्यू कोर्स असेल तरच. कलम ९ नुसार त्याने मोबदला दिलेला हवा आणि चेक घेताना 'ब'च्या हक्कात दोष असल्याचा संशय येण्यासारखे काही नसावे. असा धारक असेल, तर फसवणुकीचा बचाव त्याच्याविरुद्ध चालत नाही.

बहुतेक जण इथेच उत्तर संपवतात आणि गुण गमावतात. एरवी कलम ११८ 'क' होल्डर इन ड्यू कोर्स आहे असे गृहीत धरते, पण फसवणूक सिद्ध झाली की ते सिद्ध करण्याचे ओझे 'क'वर येते. म्हणून त्याने मोबदल्याचा पुरावा, जसे 'ब'ला माल दिल्याचे बिल, दाखवायला हवा.

आधी क्रॉसिंग, म्हणजे चेकवरच्या दोन तिरप्या रेषा, हेही पाहा. चेकवर 'नॉट निगोशिएबल' लिहिले असेल तर 'क'ला 'ब'पेक्षा चांगला हक्क मिळत नाही, मग त्याचा प्रामाणिकपणा कामाचा नाही. सही खोटी असेल तर प्रश्नच वेगळा.

आता तारखा. समजा ५०,००० रुपयांचा चेक अपुऱ्या शिलकीमुळे परत आला आणि ते 'क'ला २० जूनला कळले. तिथून ३० दिवसांत 'अ'ला लेखी नोटीस जायला हवी. ती 'अ'ला ५ जुलैला मिळाली, तर पैसे द्यायला त्याला १५ दिवस, म्हणजे २० जुलैपर्यंत वेळ आहे. त्यानंतर एका महिन्यात तक्रार. २० जुलै संपण्यापूर्वी केलेली तक्रार अवेळी ठरते, ही चूक मी उत्तरपत्रिकांत वारंवार पाहिली आहे.