अनामत डेबिट कार्डावर ठेवायची की क्रेडिट कार्डावर?

प्रश्न: आम्ही फोंड्याला राहतो. सासू-सासऱ्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं होतात म्हणून 29 डिसेंबर ते 1 जानेवारी कोलव्याच्या एका हॉटेलात दोन खोल्या घेतल्या आहेत. भाडं 36,000 रुपये, शिवाय चेक-इनला 15,000 ची अनामत कार्डावर ब्लॉक करणार म्हणे. स्वतः चालवायला सात आसनी गाडीही घेतोय. तिचं भाडं 12,000, अनामत 10,000. त्या वेळी खात्यात 80,000 असतील. क्रेडिट कार्डाची मर्यादा 75,000, त्यातले 20,000 वापरलेले. घराचा 22,400 चा हप्ता 5 जानेवारीला खात्यातून आपोआप जातो आणि पगार 7 तारखेला येतो. यांचं म्हणणं, सगळं डेबिट कार्डाने द्यावं, उगीच व्याजाची भानगड नको. ब्लॉक झालेले पैसे किती दिवसांत सुटतात?

उत्तर: दोन्ही अनामती क्रेडिट कार्डावर ठेवा आणि दोन्ही भाडी खात्यातून द्या. व्याजाची काळजी रास्त आहे, पण नुसत्या रोखून ठेवलेल्या रकमेवर क्रेडिट कार्डाचं व्याज लागत नाही. तुमच्या बाबतीत खरी अडचण आहे ती 5 तारखेची.

सगळं डेबिट कार्डाने दिलं तर काय होईल ते पाहू. 80,000 मधून 48,000 भाड्याचे गेले की 32,000 उरतात. त्यातले 25,000 अनामतीत अडकले की वापरता येण्याजोगे 7,000 राहतात. पासबुकात शिल्लक 32,000 दिसेलही, पण हप्ता कापताना बँक मोकळी शिल्लक बघते, रोखलेली रक्कम त्यात धरत नाही. आता समजा 5 तारखेच्या आत हॉटेलचे 15,000 सुटले आणि गाडीचे नाहीत. मोकळे झाले 22,000. हप्त्याला 400 रुपये कमी! हप्ता परत गेला की तुमची बँक आणि कर्ज देणारी संस्था असे दोघांचेही आकार लागतात, आणि उशीर लांबला तर कर्जाच्या इतिहासात नोंद होते. म्हणजे डेबिट कार्डाचा मार्ग धरला तर दोन्ही अनामती चार दिवसांत सुटायलाच हव्यात. ते तुमच्या हातात नाही आणि हॉटेलच्याही पूर्ण हातात नाही.

हातात का नाही, ते समजण्यासाठी ब्लॉक म्हणजे नेमकं काय ते पाहावं लागेल. चेक-इनला हॉटेलच्या मशीनवरून तुमच्या बँकेकडे विचारणा जाते, की या कार्डावर 15,000 राखून ठेवता का? बँक हो म्हणते, सहा अंकी किंवा अक्षरी मंजुरी क्रमांक देते आणि तेवढी रक्कम बाजूला काढते. या क्षणी हॉटेलला एक रुपयाही मिळालेला नसतो. याला प्री-ऑथ म्हणतात. पुढे त्याचा शेवट तीन प्रकारे होतो. हॉटेल त्याच मंजुरी क्रमांकावर अंतिम बिल वळतं करतं आणि उरलेली रक्कम मोकळी होते. किंवा हॉटेल मशीनवरून तो ब्लॉक रद्द करतं. किंवा कोणीच काही करत नाही आणि मुदत संपल्यावर तुमची बँक आपणहून तो सोडते.

किती दिवस लागतील हे या तिन्हींपैकी काय घडतं त्यावर ठरतं. हॉटेलने त्याच दिवशी रद्द केलं आणि संदेश नीट पोचला तर काही तासांत, फार तर दोन-तीन दिवसांत मर्यादा पूर्ववत दिसते. कोणीच काही केलं नाही तर मुदत संपण्याची वाट बघायची. ही मुदत बँकेप्रमाणे आणि कार्डाप्रमाणे बदलते; आठवडाभरापासून तीस दिवसांपर्यंत धरून चाला. चेक-आउटच्या काउंटरवर "सात दिवसांत सुटेल" असं ठोकून सांगतात, तेव्हा ते बहुधा हीच आपोआप सुटण्याची मुदत सांगत असतात. याचा अर्थ ब्लॉक रद्द करण्याचा त्यांचा विचार नसतो.

सर्वात जास्त गोंधळ इथेच होतो. चेक-आउटच्या गर्दीत काउंटरवरचा माणूस जुन्या मंजुरी क्रमांकावर बिल वळतं न करता नव्याने कार्ड स्वाइप करतो. मग नवं बिल वेगळं जातं आणि जुना ब्लॉक तसाच लटकत राहतो. 1 जानेवारीच्या सकाळी कोलव्यात काउंटरवर किती गर्दी असते हे तुम्हाला ठाऊकच आहे, म्हणून थोडं आधी उतरा. भाडं तुम्ही खात्यातून देणार असल्याने 15,000 पैकी खोलीतला फराळ, कपडे धुलाई वगैरेचं जे काही बिल होईल ते त्याच ब्लॉकमधून घ्यायला सांगा. काहीच बिल नसेल तर ब्लॉक मशीनवरून रद्द करायला सांगा आणि रद्द केल्याची पावती हातात घेतल्याशिवाय हलू नका. "आम्ही मेल करतो" यावर समाधान मानू नका, कारण मशीनवरचं रद्द करणं आणि मेल पाठवणं यांत दिवसांचा फरक पडतो.

चेक-इनलाही पावती वाचा. त्यावर PRE-AUTH असं छापलेलं असलं तर तो खरा ब्लॉक. SALE छापलेलं असलं तर ती खरेदी आहे. म्हणजे पैसे खरोखरच गेले, नाव फक्त अनामतीचं. बऱ्याच ठिकाणी असंच होतं, विशेषतः डेबिट कार्डावर, कारण प्री-ऑथ सगळीकडे आणि सगळ्या कार्डांवर चालत नाही. मोबाइलवरच्या संदेशावरून फरक कळत नाही, दोन्हींत रक्कम खर्च झाल्यासारखं लिहिलेलं असतं. SALE दिसलं तर तिथल्या तिथे ते रद्द करून प्री-ऑथ करायला सांगा. मशीनचा दिवसाचा हिशेब बंद व्हायच्या आत, म्हणजे सहसा त्याच रात्रीपर्यंत, हे सहज होतं. हिशेब बंद झाला की उरतो फक्त परतावा, आणि तो साधारण पाच ते सात कामकाजाच्या दिवसांत येतो. शनिवार-रविवार आणि सुट्ट्या यात मोजल्या जात नाहीत. या काळात क्रेडिट कार्डाचं मासिक बिल निघालं तर ते 15,000 त्यात खर्च म्हणून येतील. परतावा देय तारखेच्या आत जमा झाला आणि त्या बिलाचा भरणा अजून केलेला नसला, तर तो देय रकमेतून वजा धरायचा, असं रिझर्व्ह बँकेचे क्रेडिट कार्डांविषयीचे निर्देश सांगतात. परतावा तोपर्यंत आलाच नाही तर मात्र पूर्ण बिल भरा. नंतर आलेली एवढी रक्कम कार्डावर जमा ठेवायची का हे बँकेने तुम्हाला विचारायचं असतं, तुम्ही हो म्हणाला नाहीत तर ती तुमच्या खात्यात येते. अर्धवट भरलं तर मात्र व्याज सुरू होतं.

हॉटेलला आधीच फोन करून आणखी एक गोष्ट विचारा: ब्लॉक फक्त 15,000 चा की भाडं धरून 51,000 चा? काही हॉटेलं दोन्ही एकत्र धरतात. तुमच्या कार्डावर 55,000 मोकळे आहेत. 51,000 अडकले तर गाडीच्या 10,000 साठी जागा उरणार नाही आणि गाडीच्या काउंटरवर कार्ड नाकारलं जाईल. भाडं चेक-इनलाच खात्यातून भरतो म्हणालात तर ते बहुतेक 15,000 वर थांबतील.

गाडीचं प्रकरण वेगळं आहे. आपल्याकडे स्वतः चालवायच्या भाड्याच्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात. तशीच घ्या, पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी भाड्याने घेतली तर पोलिसांनी अडवल्यावर तुमचीच पंचाईत होते. अनामत इथे बऱ्याचदा रोख किंवा यूपीआयनेच मागतात. यूपीआयने दिलेली अनामत हा ब्लॉक नव्हे, पैसे मालकाच्या खात्यात गेलेले असतात आणि तो परत पाठवेल तेव्हाच येतात. मालक थांबवतो त्याचं मुख्य कारण वाहतुकीचं चलान: कॅमेऱ्यात टिपलेल्या वेगाचं चलान गाडीच्या नंबरवर नंतर येतं, तोपर्यंत तुम्ही घरी पोचलेले असता. त्याची भीती खोटी नाही, पण किती दिवस थांबणार आणि कोणत्या कारणांसाठी पैसे कापणार, हे गाडी घेण्याआधी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. गाडी घेताना आणि परत देताना चारही बाजू, इंधनाचा काटा आणि किलोमीटरचा आकडा मालकासमोर व्हिडिओत टिपा. ओरखड्यांवरून वाद होतो तेव्हा एवढाच पुरावा कामी येतो.

मालकाने कार्डावर अनामत घ्यायला नकार दिला तर हिशेब बदलतो. 10,000 खात्यातून गेले की 32,000 चे 22,000 होतात, पुन्हा तेच 400 कमी. अशा वेळी हॉटेलच्या भाड्यातले 10,000 क्रेडिट कार्डावर घ्या आणि 26,000 खात्यातून द्या. कार्डावरच्या 55,000 मधून 15,000 चा ब्लॉक आणि हे 10,000 सहज बसतात, खात्यात पुन्हा 32,000 उरतात आणि हप्ता जाऊन 9,600 शिल्लक राहते. पगारापर्यंत दोन दिवस काढायला तेवढे पुरतील. कार्डावरचे हे 10,000 पुढच्या बिलात येतील, ते पगारातून पूर्ण भरा. मात्र जुन्या 20,000 चं बिल आधीच थकलेलं असेल तर असं करू नका, कारण मागची बाकी थकली की नव्या खरेदीवरही लगेच व्याज धरलं जातं. ती बाकी चालू बिलातलीच असावी असं मी धरलं आहे, एकदा तपासून घ्या.

ब्लॉक सुटला नाही तर आधी हॉटेलला मेल करा. त्यात पावतीवरचा मंजुरी क्रमांक, तारीख, रक्कम आणि कार्डाचे शेवटचे चार अंक द्या, आणि ब्लॉक सोडत असल्याचं पत्र तुमच्या बँकेसाठी मागा. ते पत्र जोडून बँकेकडे लेखी तक्रार करा. हॉटेलची लेखी संमती असल्यावर बँक मुदतीची वाट न बघता ब्लॉक काढू शकते, नुसत्या फोनवर सहसा काढत नाही. उत्तर पटलं नाही, किंवा तक्रारीला तीस दिवस होऊनही उत्तरच मिळालं नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. पाच दिवसांनंतर रोज 100 रुपये भरपाईचा जो 2019 चा नियम लोक सांगतात, तो फसलेल्या व्यवहारांसाठी आहे, म्हणजे खात्यातून पैसे गेले पण दुकानदाराकडे व्यवहार पुरा झालाच नाही अशा ठिकाणी. रीतसर झालेल्या पण न सुटलेल्या ब्लॉकसाठी त्याच्या भरवशावर राहू नका.