क्षेत्र शून्य, तरी विभव ३६० व्होल्ट?

प्रश्न: दोन सारख्या धन प्रभारांच्या बरोबर मध्ये विद्युत क्षेत्र शून्य येतं, पण विभव शून्य येत नाही. E आणि V मध्ये संबंध आहे म्हणतात, मग असं कसं? आणि समविभव पृष्ठावर क्षेत्र असूनही काम शून्य का?

आकडे घेऊनच बघू. A आणि B हे दोन +2 nC चे प्रभार 20 सेंटीमीटर अंतरावर घट्ट बसवले आहेत. त्यांच्या मध्यबिंदूला M म्हणू. एका प्रभारामुळे r अंतरावर येणारं विभव kq/r, आणि इथे kq = 18 व्होल्ट-मीटर. M पासून दोन्ही प्रभार 0.1 मीटरवर, म्हणून विभव 180 + 180 = 360 व्होल्ट. विभव ही अदिश राशी आहे, तिला दिशा नाही, त्यामुळे दोन्ही आकडे सरळ मिळवायचे. क्षेत्राला मात्र दिशा आहे. A ढकलतो उजवीकडे, B ढकलतो डावीकडे, तेवढ्याच जोराने, म्हणून बेरीज शून्य.

आता मुख्य मुद्दा. क्षेत्राचा संबंध विभवाच्या किमतीशी नाही, ते जागेनुसार किती वेगाने बदलतं त्याच्याशी आहे: E = −dV/dx. सह्याद्रीतली खिंड डोळ्यासमोर आणा. दोन शिखरांच्या मधली जागा समुद्रसपाटीपासून भरपूर उंच असते, पण अगदी खिंडीच्या माथ्यावर पाऊल ठेवलं की चढही नाही आणि उतारही नाही. उंची म्हणजे विभव, उतार म्हणजे क्षेत्र. M ही आपली खिंड.

ही नुसती उपमा नाही, आकडेही तेच सांगतात. M पासून A च्या दिशेने 5 सेंटीमीटर सरका आणि त्या बिंदूला Q म्हणा. तिथे V = 18/0.05 + 18/0.15 = 480 व्होल्ट, म्हणजे चढ. आता M पासून AB ला काटकोनात 7.5 सेंटीमीटर जा. या P बिंदूपासून दोन्ही प्रभार 12.5 सेंटीमीटरवर येतात, म्हणून V = 36/0.125 = 288 व्होल्ट, म्हणजे उतार. शिखरांकडे चढ आणि आडव्या बाजूला दरीकडे उतार, खिंडीत असंच असतं.

बऱ्याच जणांची एक चूक इथे होते. M ते Q 120 व्होल्टचा फरक 5 सेंटीमीटरमध्ये पडतो, म्हणून Q जवळ क्षेत्र 120/0.05 = 2400 V/m असं लिहून मोकळे होतात. ती त्या टप्प्याची सरासरी झाली. V/d हे सूत्र एकसमान क्षेत्रातच चालतं, उदाहरणार्थ समांतर पट्ट्यांच्या मधोमध. Q वर खरं क्षेत्र 18/0.05² − 18/0.15² = 7200 − 800 = 6400 V/m आहे. पडताळायचं असेल तर Q च्या दोन्ही बाजूंना 1 मिलिमीटरवर विभव काढा. A पासून 4.9 सेंटीमीटरवर 486.6 आणि 5.1 सेंटीमीटरवर 473.7 व्होल्ट मिळतात. 2 मिलिमीटरमध्ये सुमारे 12.8 व्होल्टची घट, म्हणजे 6400 V/m. उतार मोजायचा तर पावलं अशी छोटीच टाकावी लागतात.

आता काम. +1 nC चा प्रभार P पासून Q ला सावकाश नेला, तर आपण केलेलं काम W = q(V_Q − V_P) = 10⁻⁹ × 192 = 1.92 × 10⁻⁷ ज्यूल. M वरून गेलात तर 72 + 120, पुन्हा 192 व्होल्टच. वाट कुठलीही धरा, हिशेब शेवटच्या दोन टोकांचाच. क्षेत्राने केलेलं काम विचारलं असेल तर चिन्ह उलटं होतं. परीक्षेत गुण जातात ते बहुतेक इथेच, म्हणून काम कोणाचं हे आधी कागदावर लिहून ठेवा.

समविभव पृष्ठावर बल असतंच, पण ते पृष्ठाला काटकोनात असतं. डोंगराच्या कुशीतून एकाच उंचीवरून जाणारी पायवाट घ्या. उतार कमी नसतो, पण तो वाटेला आडवा असतो, वाटेच्या दिशेत नसतो. क्षेत्राचा थोडा जरी घटक पृष्ठाच्या दिशेत असता, तर त्या दिशेने विभव बदललं असतं आणि मग ते समविभव पृष्ठच राहिलं नसतं.

यातून एक सुंदर गोष्ट निघते. 360 व्होल्टपेक्षा जास्त विभवाची पृष्ठं A आणि B भोवती वेगवेगळी बंद होतात, कमी विभवाचं प्रत्येक पृष्ठ दोघांना एकत्र वेढतं, आणि बरोबर 360 व्होल्टचं पृष्ठ M पाशी स्वतःलाच छेदतं. दोन वेगळ्या विभवांची पृष्ठं कधीच छेदत नाहीत, कारण एका बिंदूला दोन विभवं असू शकत नाहीत. एकच पृष्ठ स्वतःला असं छेदतं तिथे क्षेत्राला एकाच वेळी दोन दिशांना काटकोनात राहावं लागेल, आणि या खिंडीत ते शून्य असेल तरच जमतं.

म्हणूनच +1 nC चा प्रभार M वर ठेवला तर तो तिथे टिकत नाही. AB च्या रेषेत सरकवला तर परत येतो, पण आडवा किंचित ढळला की उताराला लागतो आणि दूर जाईपर्यंत 3.6 × 10⁻⁷ ज्यूल गतिज ऊर्जा कमावतो, म्हणजे q गुणिले तेच 360 व्होल्ट.