इन्सेंटिव्हसाठी थांबावे की आताच राजीनामा द्यावा?

प्रश्न : मी शेती-निविष्ठा बनविणाऱ्या कंपनीत मार्केटिंग मॅनेजर आहे. रुजू 1 सप्टेंबर 2021, पगार 80 हजार, त्यात बेसिक 40 हजार, नोटीस 90 दिवसांची. आमच्या जैव-उत्तेजकाच्या पत्रकावर ‘गुलाबी बोंडअळीचा बंदोबस्त, फवारणीची गरज नाही’ असे छापतात आणि त्याला मंजुरीची सही माझी लागते. एप्रिलमध्ये खरिपाची पत्रके छपाईला जातील. मेअखेर दीड लाख इन्सेंटिव्ह मिळायचा आहे, पण नोटीसवर असणाऱ्याला तो मिळत नाही. घरखर्च 31 हजार, गृहकर्जाचा हप्ता साडेअठरा हजार, यजमानांच्या दुकानातून महिना सरासरी 20 हजार येतात, बँकेत 2 लाख 40 हजारांची एफडी आहे. जूनपर्यंत थांबू का? आणि राजीनाम्यात खरे कारण लिहू की ‘वैयक्तिक कारण’? – एक वाचक, छत्रपती संभाजीनगर, 10 मार्च 2026

उत्तर : माझे मत असे की आपण याच आठवड्यात राजीनामा द्यावा, मात्र नोटीसचा कालावधी पूर्ण करण्याची तयारी लेखी दाखवावी. थांबण्यात नेमके किती पैसे आहेत ते आधी पाहू, कारण आकडा दिसला की मोह मोजता येतो.

इन्सेंटिव्ह खात्यात पडल्यावर 3 जूनला राजीनामा दिला, तर आपला शेवटचा दिवस 31 ऑगस्टला येईल आणि पाच वर्षे पूर्ण होतील. ग्रॅच्युइटी बेसिक भागिले 26 गुणिले 15 गुणिले वर्षे अशी काढतात, म्हणजे आपल्या बाबतीत सुमारे 1 लाख 15 हजार. इन्सेंटिव्ह धरून हे 2 लाख 65 हजार होतात. आता 16 मार्चला राजीनामा दिला, तर शेवटचा दिवस 13 जून. यात इन्सेंटिव्ह नक्की जातो, ग्रॅच्युइटी मात्र जातेच असे नाही. ग्रॅच्युइटीच्या कायद्यात, आणि 2025 मध्ये लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही, वर्षात 240 दिवस भरले की ते वर्ष अखंड सेवेचे धरले जाते. जुन्या कायद्याखाली पाचव्या वर्षालाही हाच अर्थ लागू होतो, असे मद्रास उच्च न्यायालयाने मानले आहे. आपले पाचव्या वर्षाचे 240 दिवस 28 एप्रिल 2026 रोजी भरतात. अनेक कंपन्या तरीही पूर्ण पाच वर्षांचा आग्रह धरतात, त्यामुळे ही रक्कम भांडून मिळेल असे समजावे आणि घरच्या हिशोबात धरू नये.

म्हणजे आता बाहेर पडण्याची खात्रीची किंमत दीड लाख, आपला दोन महिन्यांचा पगारही नाही. त्याच्या बदल्यात एप्रिलमधली सही टळते, आणि या व्यवहारातली सर्वांत महाग वस्तू तीच आहे. जैव-उत्तेजके 2021 पासून खत नियंत्रण आदेशाखाली आली, पण त्या आदेशातील व्याख्येतूनच कीटकनाशके वगळलेली आहेत. अळी मारण्याचा दावा करायचा असेल तर 1968 च्या कीटकनाशक कायद्याखालील नोंदणी लागते. आपले पत्रक म्हणजे नुसती जाहिरातीतली अतिशयोक्ती नव्हे, ते उत्पादन ज्या वर्गात नोंदलेले आहे त्याच्या बाहेरचा दावा करते. याशिवाय 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली फसव्या जाहिरातीसाठी केंद्रीय प्राधिकरण उत्पादकाला पहिल्या वेळी दहा लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते. दंड कंपनीला होईल हे खरे, पण चौकशीत पहिला प्रश्न ‘मंजुरी कोणी दिली?’ हाच असतो. शिवाय तो इन्सेंटिव्ह याच पत्रकावर झालेल्या विक्रीतून यायचा आहे, हेही आपण मनात धरले असेलच.

आता राजीनाम्याचे पत्र. ‘वैयक्तिक कारण’ लिहिणे सोयीचे वाटते, पण उद्या कृषी विभागाची नोटीस आली तर आपण हरकत घेतल्याचा कागद कुठेच नसेल. उलट चार पानी आरोपपत्र लिहिले, तर अनुभवपत्र आणि अंतिम हिशोब अडवायला कंपनीला निमित्त मिळते. म्हणून मधला मजकूर असा असावा :

‘मी मार्केटिंग मॅनेजर पदाचा राजीनामा देत आहे. नेमणूकपत्रानुसार नोटीसचे 90 दिवस काम करण्यास मी तयार आहे. माझा शेवटचा कामाचा दिवस 13 जून 2026 राहील. अमुक उत्पादनाच्या पत्रकातील बोंडअळीविषयीचा दावा त्या उत्पादनाच्या नोंदणीशी जुळत नाही, हे मी दि. अमुकच्या ई-मेलने कळविले होते. तो दावा असलेल्या कोणत्याही मजकुराला आजपासून मी मंजुरी देणार नाही. माझे वेतन, शिल्लक रजा व ग्रॅच्युइटी यांचा हिशोब करावा, ही विनंती.’

आधी असा ई-मेल गेला नसेल, तर तो राजीनाम्यापूर्वी पाठवा. त्यात पत्रकाचा क्रमांक आणि वाक्य जसेच्या तसे द्या, ‘फसवणूक’ हा शब्द वापरू नका. वस्तुस्थिती पुरेशी बोलकी आहे. कंपनीच्या फायली स्वतःच्या जीमेलवर पाठविण्याचा मोह मात्र टाळा. ग्रॅच्युइटी राजीनाम्यामुळे जप्त होत नाही, पण गैरवर्तनाच्या कारणाने काढून टाकले गेल्यास ती अडकू शकते, आणि गोपनीयतेचा भंग हे त्यासाठी हाताशी असलेले पहिले कारण ठरते. पुरावा हवा असल्यास पत्रक बाजारातल्या कृषी सेवा केंद्रात मिळतेच.

‘नोटीसचे दिवस काम करण्यास तयार आहे’ हे वाक्य गाळू नका. पत्र वाचून कंपनी ‘उद्यापासून येऊ नका’ म्हणण्याची शक्यता आहे, आणि तसे 28 एप्रिलपूर्वी झाले तर 240 दिवस भरत नाहीत. असे सांगितल्यास ते लेखी मागा आणि नोटीसच्या दिवसांचे वेतन मिळेल का, हेही लेखीच विचारा. आपण स्वतः मध्येच सोडून गेलात तर वसुली उलटी होईल: नेमणूकपत्रात बेसिकवर असेल तर 1 लाख 20 हजार, पूर्ण पगारावर असेल तर 2 लाख 40 हजार, म्हणजे सगळी एफडी. तो परिच्छेद राजीनाम्याआधी वाचून घ्या.

घराचे गणित त्या मानाने सोपे आहे. हप्त्यासह खर्च साडेएकोणपन्नास हजार, दुकानाचे वीस वजा केले की महिना साडेएकोणतीस हजारांची तूट. जूनमध्ये शाळेची फी व विम्याचा हप्ता यांसाठी 60 हजार बाजूला काढले, तर उरलेली एफडी 13 जूननंतर सहा महिने पुरते. त्याच्या आधी तीन महिन्यांचा पगार हातात आहे. त्यातून दरमहा 25 हजार जरी वेगळे ठेवलेत, तरी मुदत साधारण अडीच महिन्यांनी वाढते. दुकानाचे उत्पन्न पावसाळ्यात खाली येत असेल तर सरासरी वीसऐवजी पंधरा धरूनच हिशोब करा. पीएफ मात्र काढू नका, नव्या नोकरीत वर्ग करून घ्या.

राहिला आरोग्य विमा. कंपनीचा गट विमा साधारणपणे शेवटच्या कामाच्या दिवशी संपतो. तो त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत बदलता येतो आणि आधीच्या आजारांसाठी मोजलेला प्रतीक्षाकाल वाया जात नाही, पण अर्ज मुदत संपण्यापूर्वी जावा लागतो. एचआरकडून विमा कंपनीचे नाव व पॉलिसी क्रमांक राजीनाम्याच्या आधीच मागून घ्या, आणि एप्रिलच्या शेवटापर्यंत अर्ज करून टाका.