रुजू होण्याआधीच्या मेलमध्ये काय लिहावं?

प्रश्न: आमच्या चाकणच्या कारखान्यात येत्या सोमवारी नवीन अकाउंटंट रुजू होतोय, आधी दुसरीकडे नोकरी केलेला. त्याला आधी मेल पाठवायचा आहे. काय काय लिहू? एचआरचं काम माझ्याकडे नुकतंच आलंय.

उत्तर: मेल बुधवारपर्यंत त्याच्या खासगी पत्त्यावर पाठवा. शुक्रवारी संध्याकाळी पाठवलात, तर एखादा कागद जुन्या ऑफिसातून आणायला त्याला वेळच उरत नाही.

सुरुवात गेटपासून करा. एमआयडीसीत नवा माणूस पहिल्यांदा अडकतो तो तिथेच. मी साधारण असं लिहितो:

"सोमवारी साडेनऊला गेट नंबर दोनवर या. सिक्युरिटीकडे तुमचं नाव दिलेलं आहे. ओळखपत्र मूळ आणा. स्वतःचा लॅपटॉप आणू नका, गेटवर नोंद करावी लागते. कंपनीची बस पावणेनऊला नाशिक फाट्यावरून सुटते. कॅन्टीनमध्ये जेवणाची सोय आहे, डबा आणायची गरज नाही. अडचण आली तर मला फोन करा."

सिक्युरिटीला नाव खरोखर कळवा, नाहीतर या मेलला अर्थ नाही.

कागदपत्रांत सर्वांत जास्त लक्ष पीएफकडे द्या. त्याचा जुना यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफचा क्रमांक, आधीच मागून घ्या. तो न दिल्यामुळे दुसरा यूएएन निघाला, तर जुनी शिल्लक आणि नोकरीची वर्षं वेगळ्या खात्यात अडकतात आणि निस्तरायला महिने जातात. आधार, पॅन आणि यूएएनवरचं नाव व जन्मतारीख अक्षर न अक्षर जुळते का, हेही त्यालाच तपासायला सांगा. एकीकडे 'संजय मा. पाटील' आणि दुसरीकडे पूर्ण 'संजय माधव पाटील', एवढ्यावरून केवायसी अडकू शकतं. आधीच कळलं, तर दुरुस्तीचा अर्ज तो लगेच टाकू शकतो.

एप्रिलपासून जुन्या कंपनीत मिळालेला पगार आणि कापलेला टीडीएस यांचा तपशीलही मागा. तो नसेल तर दोन्ही कंपन्या आपापल्या पगारावर प्रमाणित वजावट आणि खालचे स्लॅब धरतात, आणि बाकीचा कर वर्षाअखेरीस त्याच्या अंगावर येतो. रद्द केलेला चेक, फोटो, रिलीव्हिंग लेटर हे नेहमीचंच. मूळ प्रमाणपत्रं फक्त बघून लगेच परत देणार, हे मात्र मेलमध्ये स्पष्ट लिहा. ती ठेवून घेतील या भीतीने लोक आणायचं टाळतात.

पहिल्या आठवड्याचं तीन-चार ओळींत पुरे. सोमवारी फॉर्म आणि सेफ्टी ट्रेनिंग. मंगळवार-बुधवार स्टोअर्समध्ये बसून माल आवकेच्या नोंदी बिलांशी कशा जुळवतात ते बघायचं. हे टॅलीचा पासवर्ड देण्याआधी व्हावं असं माझं ठाम मत आहे, कारण आकडा कुठून आला ते तिथेच कळतं. गुरुवारपासून टॅली, तेही आधी फक्त बघण्यापुरतं. जीएसटीआर-३बी या जीएसटी रिटर्नची मुदत असलेली २० तारीख त्या आठवड्यात येत असेल, तर ते काम त्याच्यावर टाकू नका, आणि तसं मेलमध्ये लिहून टाका.