टीम नव्याने हातात आली असेल तर

रॉबर्ट हाऊस यांनी 1971 मध्ये मांडलेल्या नेतृत्वाविषयीच्या पाथ-गोल सिद्धांतातली एक गोष्ट आधी लक्षात ठेव: माणसाला जे कामातून किंवा अनुभवातून आधीच मिळतंय, ते तू पुन्हा द्यायचं नाहीस. जे कमी पडतंय, तेवढंच द्यायचं.

तुझी अकाउंट्सची टीमच घे. जीएसटीआर-3बी हा जीएसटीचा रिटर्न दर महिन्याच्या 20 तारखेपर्यंत भरायचा असतो आणि तुमची धावपळ 18 तारखेला सुरू होते. टीम आळशी आहे असं लगेच ठरवू नकोस. बिलं कुठे अडतात ते बघ. खरेदी विभाग ती उशिरा पाठवत असेल, तर त्या विभागप्रमुखांशी बोलून तारीख ठरवून घेणं हे तुझं काम आहे. ज्युनिअरच्या शब्दाला तिथे वजन नसतं.

मग माणसं बघ. नव्या मुलीला कुठली नोंद कुठे करायची हेच कळत नसेल, तर पायऱ्या स्पष्ट सांग. तेच जुन्या काकांना सांगितलंस तर त्यांना पाळत वाटेल. ते गप्प होतात, विचारल्याशिवाय बोलत नाहीत, ही त्याची खूण. दिवसभर बिलं जुळवून कंटाळलेल्याला सूचना नकोत, विचारपूस आणि थोडी मोकळीक हवी. नवं सॉफ्टवेअर आणताना मात्र सगळ्यांना निर्णयात घे, कारण वाट कुणालाच ठाऊक नसते. अवघड उद्दिष्ट द्यायचं ते काम येणाऱ्यालाच, आणि अडथळा हटवल्यावरच.