रोहूच्या उवा: औषध एकदा देऊन थांबू नका

भाऊ, देपालपूरच्या तुमच्या तळ्यात रोहू बांबूला अंग घासतात, उड्या मारतात, तर आधी जाळं टाकून दहा-बारा मासे हातात घ्या. परांच्या मुळाशी बोट फिरवा. चपटी, गोल, पारदर्शक आणि सरकणारी दिसली ती आर्ग्युलस, म्हणजे माशाची ऊ. मांसात रुतलेला दोऱ्यासारखा किडा असेल तर तो लर्निया. त्याची पिल्लं औषधाने मरतात, रुतलेली मादी सहसा टिकते.

इमामेक्टिन बेंझोएट खाद्यातून देतात: माशाच्या दर किलो वजनामागे रोज ५० मायक्रोग्रॅम, सलग ७ दिवस. तळ्यात अंदाजे १००० किलो मासे असतील तर रोज ५० मिलिग्रॅम शुद्ध औषध, म्हणजे ५ टक्क्यांच्या पावडरीचा १ ग्रॅम. तो थोड्या तेलात कालवून रोजच्या खाद्याला चोळा आणि सावलीत वाळवा. शेतीच्या फवारणीचा डबा नको, मत्स्यतज्ज्ञाला विचारूनच घ्या, आणि विक्रीआधी किती दिवस थांबायचं तेही विचारा. फार उशीर झाला की मासे खातच नाहीत, मग औषध पोटात जाणार कसं?

खरी गफलत पुढे होते. अंडी औषधाने मरत नाहीत, आणि उन्हाळ्यात साधारण दोन आठवड्यांत फुटतात. म्हणून तिसऱ्या आठवड्यात पुन्हा तपासा, उवा दिसल्या तर दुसरा डोस द्या. मादी अंडी घालायला मासा सोडून कठीण वस्तूवर जाते. तळ्यात बांबू, फळ्या उभ्या करा, दर पाच-सहा दिवसांनी काढून कडक उन्हात वाळवा.